बोजा चढला तेव्हा पैसे हलले

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या पेठमापातल्या घरात शिरलं. दुपारपर्यंत आई-बाबा माळ्यावर होते आणि खाली फ्रिज तरंगत होता. मी रत्नागिरीत नोकरीला. फोन लागत नव्हते, दोन दिवस काही कळलंच नाही. चिखल काढून झाल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आता वरच्या मजल्यावर कुठेतरी राहायला जाऊ."

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची ग्रॅच्युइटी आणि फंड तसाच बँकेत होता. बहादूरशेख नाक्यापासून दहा मिनिटांवर उंचावर एक चार मजली इमारत होणार होती. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, किंमत 32 लाख. प्रकल्पाला महारेरा या राज्याच्या बांधकाम नियामकाचा नोंदणी क्रमांक होता, बिल्डरच्या ऑफिसात एसी होता, आणि पुराची भीती आमच्या अंगात अजून ओली होती. 10 डिसेंबर 2021 ला 3 लाख देऊन बुकिंग केलं.

एक गोष्ट त्याने कायद्याप्रमाणे केली आणि तिचाच पुढे आम्हाला उपयोग झाला. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 4 फेब्रुवारी 2022 ला दुय्यम निबंधक कार्यालयात करार नोंदवला. त्यात ताब्याची तारीख होती 31 डिसेंबर 2023. सहा दिवसांनी 6 लाख 60 हजार दिले. जोत्याचं काम झालं म्हणून पुढची मागणी आली, त्यासाठी गृहकर्ज घेतलं, आणि 10 जूनला बँकेने 4 लाख 80 हजार सोडले. एकूण 14 लाख 40 हजार, म्हणजे किमतीच्या 45 टक्के.

त्या पावसाळ्यात काम थांबलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही.

गणपतीला गेलो तेव्हा पहिल्या मजल्याच्या सळ्या उघड्या होत्या. पुढच्या गणपतीला त्या गंजून तांबड्या झाल्या होत्या आणि जोत्यावर घाणेरी कमरेएवढी वाढली होती. वॉचमनच्या शेडचे पत्रेसुद्धा कुणीतरी नेले. बिल्डर फोनवर गोड बोलायचा. बाबांना काका म्हणायचा. "काका, वाळूचा प्रॉब्लेम आहे, दिवाळीनंतर बघा स्लॅब कशी पडते." दिवाळीनंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. आमचा बँकेचा व्याजाचा हप्ता मात्र महिन्याला 3 हजारांच्या वर चालूच होता. काम बंद पडलं म्हणून हप्ता थांबवता येत नाही, थांबवला तर आपलंच नाव खराब होतं.

मी महारेराच्या साइटवर (maharera.maharashtra.gov.in) प्रकल्पाचं पान उघडायला शिकलो ते याच काळात, आणि हे बुकिंगच्या आधी करायला हवं होतं. बिल्डरने दर तिमाहीला कामाची आणि पैशांची माहिती तिथे भरायची असते. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांचे दाखले जोडायचे असतात. आमच्या प्रकल्पाची शेवटची माहिती सप्टेंबर 2022 ची होती. ते सगळे दाखले उतरवून ठेवले. काम थांबल्याचा याहून चांगला पुरावा नाही, कारण तो बिल्डरनेच दिलेला असतो.

जानेवारी 2024 उजाडला, ताबा नाही. घरात वाद झाला. आईला वाटत होतं थांबावं, कारण तेवढ्या पैशांत चिपळुणात आता तसा फ्लॅट मिळणार नव्हता. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कलम 18 आपल्यासमोर दोन वाटा ठेवतं. प्रकल्पात राहायचं आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्यायचं, किंवा बाहेर पडून भरलेली रक्कम व्याजासह परत मागायची. पण जिथे काम अर्धवट सोडून माणूस गेलाय तिथे महिन्याचं व्याज कोण देणार? बाबांनी ठरवलं, बाहेर पडायचं.

मी बिल्डरला पत्र लिहिलं, "आमचे बुकिंग रद्द करून पैसे परत करावेत." पाठवण्याआधी नशिबाने एका वकील मित्राला दाखवलं. त्याने 'बुकिंग रद्द' हे शब्दच खोडले. म्हणाला, "तू रद्द करतोयस असं लिहिलंस तर तो करारातलं कलम दाखवून पैसे कापेल. तू रद्द करत नाहीयेस. त्याने तारीख पाळली नाही म्हणून तू कायद्याने बाहेर पडतोयस." नवीन पत्रात कराराची तारीख, ताब्याची तारीख, प्रत्येक भरण्याची तारीख आणि रक्कम, आणि "कलम 18(1) प्रमाणे प्रकल्पातून बाहेर पडत असून संपूर्ण रक्कम व्याजासह परत मागत आहोत" हे वाक्य होतं. 8 जानेवारीला रजिस्टर पोस्टाने त्याच्या चिपळूणच्या आणि ठाण्याच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवलं. चिपळूणचं पाकीट 'सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आलं. ते न फोडता तसंच ठेवलं.

पत्र मिळाल्यावर बिल्डर लगेच हजर. घरी आला, चहा घेतला. त्याने आणलेल्या कागदावर आधी करार रद्द करून घ्यायचा आणि पैसे सहा चेकनी पुढच्या वर्षभरात द्यायचे असं होतं. बाबा सही करायला तयार झाले होते. एकदा करार रद्द झाला की आपण त्या घराचे कुणीच नाही आणि हातात फक्त चेक, हे त्यांना समजावताना मला घाम फुटला. आमच्याबरोबरच्या दोघांनी अशा कागदावर सही केली. त्यांचा पहिला चेक वटला, दुसरा परत आला.

फेब्रुवारी 2024 मध्ये महारेराकडे ऑनलाइन तक्रार केली. फी 5 हजार. तक्रार लिहून देण्याचे वकिलाने 15 हजार घेतले, पुढच्या सुनावण्यांना मीच उभा राहिलो. रेरात तसं चालतं. करार, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे सूची दोन, पावत्या, बँकेचा उतारा, पत्र, परत आलेलं पाकीट, तारखेसह फोटो जोडले. सामंजस्य मंचाकडे जायचा पर्यायही आहे, पण त्याला समोरच्याची संमती लागते. तो गप्प राहिला.

मग आठ महिने काही नाही. रोज साइट उघडायची, तक्रारीपुढे तेच शब्द. आपला अर्ज हरवला की काय असं वाटायला लागतं. हरवलेला नसतो, रांग असते.

ऑक्टोबर 2024 मध्ये पहिली सुनावणी, व्हिडिओवर. मी ऑफिसातून रजा घेऊन मोबाइलऐवजी लॅपटॉप लावून बसलो. आमच्या आधी बरीच प्रकरणं होती, आमचं आलं आणि पाच मिनिटांत संपलं. बिल्डरच्या वकिलांनी उत्तरासाठी मुदत मागितली. जानेवारी 2025 मध्ये दुसरी. तेव्हा खरा युक्तिवाद झाला, आणि तो ऐकताना मला राग आणि हसू दोन्ही आलं.

त्यांचा पहिला मुद्दा होता पुराचा. कायद्यात नैसर्गिक आपत्तीसाठी मुदतवाढीची तरतूद आहे, आणि त्यात पूर हा शब्द स्पष्ट आहे. चिपळुणात महापूर आला, त्यानंतर पूररेषेचा प्रश्न निर्माण झाला, त्यामुळे काम रखडलं, असं ते म्हणाले. ज्या पुरामुळे आम्ही घर घ्यायला निघालो तोच पूर तो आम्हाला दाखवत होता! मी फक्त दोन तारखा सांगितल्या. पूर 22 जुलै 2021, करार 4 फेब्रुवारी 2022. पूर येऊन गेल्यावर, सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर त्याने 31 डिसेंबर 2023 ही तारीख स्वतः लिहून दिली होती. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 11 नोव्हेंबर 2021 च्या न्यूटेक प्रमोटर्स निकालात म्हटलंय की वेळेत ताबा मिळाला नाही तर परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, मध्ये काय अडचणी आल्या हे त्याच्या आड येत नाही. वकील मित्राने तो परिच्छेद छापून दिला होता, मी तो लेखी म्हणण्याला जोडला.

दुसरा मुद्दा जास्त फसवा होता. बिल्डरने महारेराकडे प्रकल्पाची मुदत वाढवून डिसेंबर 2025 करून घेतली होती. "अजून तारीखच उलटलेली नाही," असं वकील म्हणाले. साइटवर खरोखर तीच तारीख दिसत होती आणि ती पाहून आमच्यातले काही जण तक्रार करायचेच थांबले होते. पण ती तारीख बिल्डर आणि महारेरा यांच्यातली. ग्राहकाला उशीर मोजायचा तो त्याच्या करारातल्या तारखेपासून. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या नीलकमल रिअल्टर्स निकालात हे स्पष्ट केलेलं आहे. साइटवरची तारीख बघून थांबू नका.

10 मार्च 2025 ला आदेश आला. 14 लाख 40 हजार परत, त्यावर स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरमध्ये, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दरात, 2 टक्के मिळवून होणारं व्याज, 30 दिवसांत. मुद्रांक शुल्क आणि जीएसटी यांतून वगळले. मी तक्रारीत तेही रकमेत धरले होते, ते गेले. सरकारला भरलेलं बिल्डरकडून मिळत नाही, त्याची वाट वेगळी आहे.

व्याज सरळ असतं, चक्रवाढ नाही. आणि ते ताब्याच्या तारखेपासून मोजायचं नसतं. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बिल्डरला जो हप्ता ज्या दिवशी मिळाला त्या दिवसापासून तो परत करेपर्यंत मोजायचं. त्या वेळी दर 11 टक्क्यांच्या आसपास येत होता. 3 लाखांवर सव्वातीन वर्षांचे 1,07,250. 6 लाख 60 हजारांवर तीन वर्षं एक महिन्याचे 2,23,850. 4 लाख 80 हजारांवर पावणेतीन वर्षांचे 1,45,200. आदेशाच्या दिवशी व्याज झालं 4,76,300 आणि एकूण येणं 19,16,300. पुढे प्रत्येक महिन्याला 13,200 वाढत जाणार. हा तक्ता मी सीएकडून सही-शिक्क्यासह करून घेतला, दोन हजार गेले. पुढे प्रत्येक टेबलावर तोच कागद मागितला.

आदेश आला त्या रात्री घरात शिरा झाला. तो जरा लवकरच झाला.

30 दिवस गेले, एक रुपया नाही. अपीलही नाही. अपील करायचं तर बिल्डरला आधी पैसे भरावे लागतात, आणि आमच्या शेठना तेच नको होतं. मे महिन्यात आदेशाचं पालन झालं नाही म्हणून पुन्हा महारेराकडे अर्ज केला. कलम 40 प्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. महारेरा वसुली वॉरंट काढतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून तहसीलदारांकडे.

आता जिथे बहुतेकांचं गाडं अडतं ती जागा. वॉरंट कुठल्या जिल्ह्यात पाठवायचं? फर्मचा नोंदलेला पत्ता ठाण्याचा, आणि ते ऑफिस भाड्याचं. तिथे वॉरंट गेलं असतं तर 'मालमत्ता आढळून आली नाही' एवढा शेरा मिळाला असता. बरं, चिपळूणची प्रकल्पाची जमीन तरी जप्त करावी, तर सातबारा काढला आणि डोकं धरून बसलो. सातबाऱ्यावर मूळ मालकाच्या घरातली नऊ नावं, त्यांतली तीन मुंबईला, एक वारलेली. बिल्डरकडे फक्त विकसन करार. आपल्याकडे कोकणात जमीन अशीच सामायिक असते, बिल्डर ती विकत घेत नाही, हिश्शावर घेतो. जी जमीन त्याची नाहीच तिच्यावर तहसीलदार त्याच्या थकबाकीचा बोजा कसा चढवणार?

म्हणजे त्याच्या नावावरची मालमत्ता आपणच शोधायची. ते काम तहसीलदार कार्यालय आपल्यासाठी करत नाही, आणि त्यांच्याकडे माणसं किती आहेत ते बघितलं तर अपेक्षाही ठेवता येत नाही. मला धागा मिळाला तो बुकिंगच्या वेळच्या माहितीपत्रकात. शेवटच्या पानावर 'लवकरच येत आहे, दापोली' असं समुद्राच्या चित्रासह छापलं होतं. bhulekh.mahabhumi.gov.in वर जिल्हा, तालुका, गाव निवडून नावानेही सातबारा शोधता येतो, पण एका वेळी एकच गाव. दापोलीची किनाऱ्याकडची गावं एकेक करून घेत बसलो. रोज रात्री जेवणानंतर चार-पाच गावं. भागीदारांच्या आडनावाची माणसं त्या भागात खंडीभर, म्हणून फर्मच्याच नावाने शोधत राहिलो. नवव्या दिवशी सापडलं. 22 गुंठे बिनशेती जमीन, थेट फर्मच्या नावावर, इतर हक्कात काहीही नाही. आईला झोपेतून उठवून दाखवलं.

तो सातबारा आणि सीएचा तक्ता अर्जाला जोडला आणि वॉरंट रत्नागिरी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे मागितलं. ऑगस्ट 2025 मध्ये निघालं. मी रत्नागिरीतच असल्याने जिल्हाधिकारी कार्यालयात चार वेळा जाता आलं. वॉरंट दापोली तहसीलला गेलं की नाही, त्याचा जावक क्रमांक काय, हे विचारत राहावं लागतं. जावक क्रमांक हातात असला की पुढच्या कार्यालयात कुणी "अजून आलं नाही" म्हणत नाही. दापोलीला तीन खेपा झाल्या. तहसीलमधल्या अव्वल कारकून बाई कडक होत्या पण सरळ. त्यांनीच सांगितलं, "लिलावाची वाट बघू नका, त्याला वेळ लागतो. आधी बोजा चढू दे." फर्मला मागणी नोटीस गेली, उत्तर नाही. ऑक्टोबरमध्ये ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी फेरफार घातला, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केला, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात आमच्या रकमेचा बोजा दिसायला लागला.

डिसेंबरात बिल्डरचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून केलेला. "काका, तुम्ही असं कोर्टकचेरी करायला नको होतं, आपण घरचे आहोत." मला नंतर कळलं, तो ती दापोलीची जमीन विकायला निघाला होता. घेणाऱ्याच्या वकिलाने ताजा सातबारा काढला आणि बोजा बघून व्यवहार थांबवला.

बोलणी महिनाभर चालली. तो आधी मुद्दल आणि वर 2 लाख म्हणाला. आम्ही आदेशाच्या तारखेपर्यंतचं पूर्ण व्याज मागितलं आणि त्यानंतरच्या दहा महिन्यांचं, म्हणजे 1 लाख 32 हजारांच्या आसपास, सोडलं. ते सोडायला नको होतं असं मला अजून वाटतं. बाबा म्हणाले, "मी 71 चा आहे, मला लिलाव बघायचा नाही." त्यावर मी काय बोलणार.

शेवटच्या दिवसाचा क्रम आम्ही लिहून ठरवला, कारण त्याला आधी बोजा उतरवून हवा होता आणि आम्हाला आधी पैसे. 20 जानेवारी 2026 ला सगळे चिपळूणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जमलो. बँकेच्या नावे 4 लाख 80 हजारांचा डीडी, बाकीची रक्कम बाबांच्या खात्यात आरटीजीएस. बँकेचा ना हरकत दाखला आणि तिच्याकडे ठेवलेला मूळ करार मी आठवडाभर आधी मागून ठेवला होता, त्याशिवाय रद्दलेख, म्हणजे करार रद्द केल्याचा दस्त, नोंदवता आला नसता. बाबांच्या मोबाइलवर मेसेज वाजला, मी शाखेत फोन करून खात्री केली, मग रद्दलेखावर सह्या झाल्या. रक्कम पूर्ण मिळाल्याचं तहसीलदारांना द्यायचं पत्र तिथेच त्याच्या हातात दिलं. व्याजावर त्याने 10 टक्के टीडीएस कापला, 47,630 रुपये. तो कापणं बरोबर आहे, व्याज हे उत्पन्न धरलं जातं. पण त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं लागलं.

रद्दलेखाची घाई आणखी एका कारणासाठी होती. आम्ही करारावर दीड लाखाहून जास्त मुद्रांक शुल्क भरलं होतं. ताबा घेण्याआधी करार रद्द झाला तर ते परत मागता येतं, पण करार झाल्यापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेख व्हावा लागतो आणि तो नोंदवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. आमची पाच वर्षं फेब्रुवारी 2027 ला संपणार होती. आणि रद्दलेखावर सही बिल्डरचीही लागते, जी तो पैसे देईपर्यंत करत नाही आणि पैसे मिळेपर्यंत आपणही करायची नसते. त्याने आणखी वर्षभर ताणलं असतं तर हे पैसे बुडण्याच्या बेतात होते. नोंदणी फीचे 30 हजार मात्र परत येत नाहीत.

तो अर्ज मार्चमध्ये ऑनलाइन भरला आणि मूळ करार, रद्दलेख, दोन्हींची सूची दोन आणि महारेराच्या आदेशाची प्रत रत्नागिरीच्या मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन दिली. एक त्रुटी निघाली, बाबांच्या नावाचं स्पेलिंग बँकेच्या पासबुकात वेगळं होतं. प्रतिज्ञापत्र करून दिलंय. सध्या फाइल तिथे आहे आणि आम्ही पेठमापातच आहोत. पावसाळ्याआधी फ्रिज माळ्यावर चढवायचा की नाही यावरून आई-बाबांचं बोलणं चालू आहे.